"गणपती मंदिराच्या मागे, वाई" एवढ्याच पत्त्यावर पार्सल पोहोचवताना ग्राहकाला नेमके काय विचारावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. वाई येथे मी एका कुरिअर कंपनीची शाखा चालवतो. सकाळी पुण्याच्या गाडीतून आलेली पार्सले भागानुसार वेगळी करून दुचाकीवरच्या दोन मुलांना वाटून द्यायची, असे आमचे काम आहे. सध्या एका विशिष्ट प्रकारच्या पत्त्याने आम्हाला जेरीस आणले आहे. लेबलवर ग्राहकाचे नाव, भ्रमणध्वनी क्रमांक आणि त्याखाली "गणपती मंदिराच्या मागे, वाई, जि. सातारा ४१२८०३" एवढेच छापलेले असते. घर क्रमांक, आळी, इमारत यांपैकी काहीही नसते.

वाई पाहिलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल. बाहेरगावच्या माणसाच्या दृष्टीने वाईतला गणपती म्हणजे घाटावरचा ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या या मंदिराची मागची भिंत पुराचे पाणी दुभागले जावे म्हणून मुद्दाम माशाच्या आकाराची ठेवलेली आहे. त्यामुळे आमचा मुलगा पत्त्याचा शब्दशः अर्थ घेऊन मंदिराच्या मागे गेला, तर त्याला तिथे घाट आणि कृष्णा नदी एवढेच भेटते. मग तो फोन करतो आणि "पत्ता सांगा" असे म्हणतो. पलीकडून "गणपती मंदिराच्या मागे, कोणालाही विचारा" हेच उत्तर पुन्हा येते. तिसऱ्या फोनला ग्राहक चिडतो, मुलगा "पत्ता अपूर्ण" असा शेरा मारून पुढे जातो आणि संध्याकाळी दोघांच्याही तक्रारी माझ्याकडे येतात.

ग्राहकाने पत्ता कसा लिहावा, हा माझा प्रश्न नाही, कारण लेबल आमच्या हाती येते तेव्हा ती वेळ निघून गेलेली असते. पहिल्याच फोनवर मुलाने कोणते तीन-चार प्रश्न विचारले असता दुसरा फोन करावा लागणार नाही, हे मला जाणून घ्यायचे आहे. मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून फोन करतात, त्यामुळे लांबलचक प्रश्नावली उपयोगाची नाही.

बाणेदार

यासाठी एवढी चर्चा कशाला, हे मला समजले नाही. ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवायला सांगावे आणि नकाशा दाखवेल तिकडे जावे. मी स्वतः घरी कोणीही येणार असले की लोकेशनच पाठवतो, तोंडाने पत्ता सांगणे कधीच सोडून दिले आहे. आजकाल प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन आहे. देऊळ, वड, पाण्याची टाकी हे सगळे आपल्या आजोबांच्या काळातले झाले.

दुचाकीवाला मिरज

बाणेदार, आपले म्हणणे निम्मे खरे आहे. मी मिरजेत हेच काम करतो आणि लोकेशन मिळाले तर घेतोच. मात्र ते कोठून पाठवले आहे हे विचारल्याशिवाय मी गाडी सुरू करत नाही. माणूस कामाच्या ठिकाणी बसलेला असतो आणि सवयीने "सध्याचे लोकेशन" दाबून मोकळा होतो. मग आपण त्याच्या कचेरीच्या दारात पोहोचतो आणि पार्सल घ्यायचे असते त्याच्या आईने, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

लोकेशन घरातूनच पाठवले असले तरी जुन्या वस्तीत त्याचा भरवसा कमी असतो. जाड भिंतींच्या वाड्यात, आतल्या खोलीत बसून पाठवलेली खूण कधी शेजारच्या बोळात पडते, तर कधी थेट मागच्या रस्त्यावर. पाठवताना पडद्यावर अचूकता किती मीटरची आहे हे दिसते, पण ते कोणी वाचत नाही. वीस-तीस मीटरचा फरक मोकळ्या वस्तीत काहीच नसतो, मात्र पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन आळ्यांत तेवढ्याच फरकाने आपण भलत्याच आळीत शिरतो आणि मग पूर्ण वळसा घालून यावे लागते. म्हणून मी लोकेशन घेतो आणि त्यासोबत "घराचे दार कोणत्या रस्त्यावर उघडते?" एवढे तोंडी विचारून घेतो.

जुना टपालवाला

मी टपाल खात्यात पोस्टमन म्हणून लागलो आणि पुढे वर्गीकरणाच्या कामातून निवृत्त झालो. नोकरी सातारा जिल्ह्यातच झाल्यामुळे वाईचा भाग मला परिचयाचा आहे. प्रश्न चांगला असल्याने जरा सविस्तर लिहितो.

आधी पिनकडे पाहा. आपला जिल्हा सातारा आहे आणि सातारा शहराचा पिन ४१५ ने सुरू होतो, पण वाईचा ४१२८०३, पाचगणीचा ४१२८०५ आणि महाबळेश्वरचा ४१२८०६ आहे. पिनचे पहिले तीन अंक टपालाच्या वर्गीकरणाची सोय पाहून दिलेले असतात, महसुली जिल्ह्याच्या हद्दीशी त्यांचा मेळ बसलाच पाहिजे असे नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की वाईचा पिन केवळ शहराचा नाही. भोवतालच्या कित्येक खेड्यांचे टपालही त्याच पिनवर येते आणि अर्ज भरताना गावाच्या रकान्यात लोक सरळ "वाई" लिहितात. गणपतीचे देऊळ तर प्रत्येक गावात असते. म्हणून देवळाविषयी बोलण्याआधी गाव आणि वस्ती निश्चित करून घ्यावी.

हे विचारण्याचीही एक रीत आहे. "ढोल्या गणपतीच ना?" असे विचारले की घाईत असलेला माणूस "हो, हो" म्हणून टाकतो. सुचवलेल्या उत्तराला होकार देणे सर्वांत सोपे असते आणि त्या होकारावर विसंबून मुलगा घाटाकडे वळतो. त्याऐवजी "देऊळ नदीच्या बाजूला आहे की एस.टी. स्थानकाच्या बाजूला?" असे दोन पर्याय द्यावेत, म्हणजे उत्तर देण्यापूर्वी ऐकणाऱ्याला क्षणभर विचार करावा लागतो. "त्या देवळाला तिथले लोक काय म्हणतात?" हा प्रश्नही फार कामाचा आहे. पुण्याच्या पेठांत नुसते मारुतीचे देऊळ म्हणून कोणाचाच निर्वाह होत नाही, तिथे पत्र्या, जिलब्या, सोन्या, डुल्या असे सांगावे लागते. वसाहतीतल्या लहान देवळालाही रहिवाशांनी काहीतरी नाव दिलेले असतेच, फक्त पत्ता लिहिताना ते कोणाला लिहावेसे वाटत नाही.

आता "मागे" या शब्दाकडे येऊ. माझ्या अनुभवात लोक तो तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरतात. काहींच्या मनात देवाची पाठ ज्या दिशेला आहे ती दिशा असते. काहींच्या मनात मुख्य रस्त्यावरून येताना देऊळ ओलांडून पुढे जे लागते ते असते, मग देवाचे तोंड कोणत्याही दिशेला असो. आणि बऱ्याच जणांना देवळाच्या आसपास, पण रस्त्याला लागून नाही, एवढेच सांगायचे असते. देऊळ पूर्वाभिमुख असून रस्ता उत्तरेकडून येत असेल, तर पहिल्या अर्थाचे घर पश्चिमेला आणि दुसऱ्या अर्थाचे घर दक्षिणेला निघते. त्यात मारुती बहुधा दक्षिणमुखी असतो आणि वसाहतीतले नवे देऊळ मोकळ्या जागेत जसे बसेल तसे बांधलेले असते, त्यामुळे दिशेचा अंदाजही बांधता येत नाही.

यावर उपाय असा की मुलाने आपण कोठे आणि कसे उभे आहोत हे स्वतःच ठरवून सांगावे. "मी देवळाच्या दारात, देवाकडे तोंड करून उभा आहे असे समजा. तुमचे घर देवळाच्या पलीकडे, माझ्या डाव्या हाताला, उजव्या हाताला की माझ्या पाठीशी?" या एका प्रश्नाने तिन्ही अर्थांचा निकाल लागतो. पूर्व-पश्चिम विचारण्याच्या भानगडीत पडू नये. खेड्यात लोकांना दिशा अचूक सांगता येतात, पण शहरातला माणूस बहुधा गडबडतो.

त्यानंतरचा प्रश्न वाटेचा. घर देवळाच्या पाठीमागेच असले, तरी देवळापासून तिथे जाता येईलच असे नाही. मध्ये आवाराची भिंत असते, ओढा असतो, कोणाचे तरी कुंपण असते. "देवळापासून तुमच्या दारापर्यंत दुचाकी येते का, की दुसऱ्या रस्त्याने यावे लागते?" आणि लगेच "शेवटचे वळण कशापाशी घ्यायचे?" असे विचारावे. माझ्या मते सगळ्या संभाषणात हा शेवटच्या वळणाचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. देवळापर्यंत मुलगा कसाही पोहोचतोच, अडते ते अखेरच्या दीडशे पावलांत.

दापोलीची वैजयंती

माझेही एक पार्सल मागच्या महिन्यात "पत्ता अपूर्ण" असा शेरा मारून परत गेले. मी तर नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन आणि "देवळाच्या मागे" असे सगळे लिहिले होते. आणखी काय लिहायला हवे होते, हे मला कोणी सांगेल का? आमच्या वाडीत घरांना ग्रामपंचायतीने दिलेले क्रमांक आहेत, पण ते घरपट्टीच्या पावतीखेरीज कोठे दिसत नाहीत. शिवाय वाडीतल्या बहुतेक घरांचे आडनाव एकच आहे. कुरिअरच्या मुलाने एका घरी आडनाव सांगून चौकशी केली आणि तिथल्या आजींनी "आमच्याकडे कोणी काही मागवलेले नाही" असे सांगून त्याला परत पाठवले.

कृष्णाकाठ

वैजयंतीताई, पत्ता लिहिणाऱ्याने काय लिहावे हा या धाग्याचा विषय नाही. तरी आपल्या अनुभवातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमची मुलेही चौकशी करताना आडनावच सांगतात. एकाच आडनावाच्या वस्तीत त्याचा उपयोग नाही, हे त्यांना सांगायला हवे. अशा ठिकाणी काय विचारावे?

जुना टपालवाला

"वाडीत तुमच्या घराला कोणाचे घर म्हणून ओळखतात?" असे विचारावे. पार्सल मागवणारी बहुधा सून किंवा नातू असतो आणि घर मात्र पंचवीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावाने किंवा "गुरुजींचे", "कंडक्टरांचे" असे ओळखले जाते. लेबलवरचे नाव शेजाऱ्यांना माहीत नसणे ही अगदी रोजची गोष्ट आहे.

आणखी एक सांगतो. वैजयंतीताईंचा पत्ता त्यांच्या गावच्या पोस्टमनसाठी पूर्ण आहे. तो वर्षानुवर्षे त्याच बीटवर फिरतो, त्यामुळे त्याला नाव वाचताच दार आठवते. खुणांचा पत्ता हा मुळात ओळखीच्या माणसासाठी लिहिलेला पत्ता असतो. कुरिअरची मुले काही महिन्यांत बदलतात आणि प्रत्येक नवा मुलगा तोच पत्ता परक्याच्या डोळ्यांनी वाचतो. ताईंनी अपूर्ण पत्ता लिहिला असे मी म्हणणार नाही.

अक्षांश

मला वाटते, हा प्रश्न आता फार काळ उरणार नाही. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन सुरू केला आहे. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने तो तयार झाला असून त्यात संपूर्ण देशाचे सुमारे चार मीटर गुणिले चार मीटरचे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांकांचा संकेत दिला आहे. ग्राहकाने फोनवर तेवढा संकेत सांगितला की देऊळ, आळी, वळण यांपैकी काहीही विचारण्याची गरज राहणार नाही.

दुचाकीवाला मिरज

अक्षांश, कल्पना उत्तम आहे, परंतु मला आजवर एकाही ग्राहकाने आपला डिजिपिन सांगितलेला नाही. समजा सांगितला, तरी चार मीटरच्या चौकोनात तीन मजल्यांची इमारत उभी असेल तर मजला कोणता, हे मला विचारावेच लागेल. त्या चौकोनापर्यंत कोणत्या बोळातून जायचे हेही तो संकेत सांगत नाही, ते पुन्हा नकाशावर अवलंबून असते आणि आमच्याकडच्या नकाशात मधूनमधून असे बोळ दिसतात की ज्यांच्या तोंडाशी गेट लावून वर्षे झाली. भर रस्त्यात हेल्मेट हातात धरून दहा अक्षरांक ऐकून लिहिणे सोपे नाही, हे तर वेगळेच.

अक्षांश

मजल्याचा मुद्दा मान्य आहे. मात्र संकेत ऐकून लिहिण्याची वेळ येऊ नये, तो मागणी नोंदवतानाच पत्त्यासोबत यावा, असे माझे म्हणणे होते. तशी सोय झाली की आपला आक्षेप राहणार नाही.

कृष्णाकाठ

आज जुन्या टपालवाल्या काकांचे प्रश्न एका पार्सलवर वापरून पाहिले. मुलाऐवजी मीच फोन केला. संभाषण जसे झाले तसे लिहितो, नाव-गाव वगळतो.

लेबलवरचा पत्ता तोच होता, "गणपती मंदिराच्या मागे, वाई". मी विचारले, "देऊळ नदीच्या बाजूला आहे की एस.टी. स्थानकाच्या?" पलीकडचे गृहस्थ थोडे थांबले आणि म्हणाले, "नदीच्या नाही. आमच्या कॉलनीतले देऊळ आहे." पहिल्याच प्रश्नात ढोल्या गणपती बाद झाला. कॉलनीचे नाव विचारले, ते त्यांनी सांगितले. ती शहराच्या कडेची नवी वसाहत निघाली. मग मी देवाकडे तोंड करून उभे राहण्याचा प्रश्न विचारला. त्यावर मात्र ते गोंधळले आणि "पलीकडे, पण जरा तिरके" असे काहीतरी म्हणाले. खोदून विचारल्यावर उलगडा झाला, की ते स्वतः पुण्यात राहतात, पार्सल वाईतल्या आईसाठी मागवले आहे आणि ते आठवणीवरून पत्ता सांगत आहेत.

त्यांच्याकडून आईंचा क्रमांक घेतला. आईंनी काय सांगावे? "देवळाकडे येऊच नका, तिकडून गेट बंद असते. दूध डेअरीपाशी आत वळा, डाव्या हाताचे तिसरे घर, दारात नारळ आहे." मुलगा गेला आणि पहिल्याच फेरीत पार्सल दिले गेले. त्या पत्त्यातल्या देवळाचे त्याला दर्शनसुद्धा झाले नाही.

काका, आपण सुचवलेले प्रश्न उपयोगी पडले हे खरे, पण हे सारे मी पुण्याच्या माणसाला विचारत बसलो होतो. सर्वांत आधी दुसराच प्रश्न विचारायला हवा होता, असे वाटते.

जुना टपालवाला

अगदी योग्य. तो मी गृहीत धरला, कारण आमच्या काळी लेबलवर फोन नसे आणि पत्ता सांगणारा माणूस दुसऱ्या गावी बसलेला असण्याचा प्रश्नच येत नसे. आता "आपण सध्या त्या घरी आहात का?" हा पहिला प्रश्न धरा. उत्तर नाही असे आले, तर पत्त्याची चर्चा तिथेच थांबवून घरी असणाऱ्याचा क्रमांक घ्या. पुण्या-मुंबईहून मुलांनी गावाकडच्या आई-वडिलांसाठी वस्तू मागवण्याचे प्रमाण आपल्या भागात बरेच असल्यामुळे हा प्रश्न पुन्हा पुन्हा उपयोगी पडेल.

आपल्या उदाहरणातली दुसरी गोष्टही पाहण्यासारखी आहे. आईंनी देऊळ हा संदर्भच टाकून दिला आणि दूध डेअरी दिली. रोज ये-जा करणारी व्यक्ती वळणाची खूण सांगते आणि लांबून आठवणारी व्यक्ती मोठी, प्रसिद्ध खूण सांगते. दारातल्या नारळाचा उल्लेखही त्यांनी आपणहून केला. बहुतेक लोक करत नाहीत, म्हणून शेवटी "मी दारात आल्यावर मला काय दिसेल?" असे विचारून घ्यावे.

सुमेधा

मी ग्राहकाच्या बाजूने लिहिते. माझे स्वतःचे घर एका देवळामागच्या बोळात आहे आणि मी बराच वेळ एकटी असते. "आपण सध्या त्या घरी आहात का?" हा प्रश्न अनोळखी क्रमांकावरून आला तर मी त्याचे सरळ उत्तर देणार नाही. त्यापुढे "घरी आणखी कोण आहे?" असे कोणी विचारले तर फोनच ठेवीन. कुरिअरवाल्याच्या मनात काहीही नसते हे मला मान्य आहे, पण फोन खरोखर कुरिअरवाल्याचाच आहे हे मला कसे कळणार?

हीच माहिती वेगळ्या तऱ्हेने विचारता येते. आधी कुरिअर कंपनीचे नाव, पार्सल कोठून आले आहे आणि लेबलवरचे नाव सांगावे. नंतर "पार्सल कोण घेणार आहे आणि त्यांच्याशी कोणत्या क्रमांकावर बोलू?" असे विचारावे. घरी असलेला माणूस "मीच घेईन" असे म्हणेल आणि बाहेरचा माणूस आपणहून दुसरा क्रमांक देईल. आणखी एक विनंती अशी की ओटीपी फोनवर मागू नये. पार्सल हातात आल्याशिवाय मी तो सांगत नाही आणि त्यावरून मुले वाद घालतात.

कृष्णाकाठ

सुमेधाताई, आपली सूचना पटली. "पार्सल कोण घेणार आहे?" हाच प्रश्न मी मुलांना सांगेन. ओटीपीविषयी आमच्याकडे सक्त सूचना आहे, पण घाईत ती पाळली जात नाही, हेही खरे आहे.

बाणेदार

म्हणजे शेवटी फिरून तेच झाले. त्या आजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवले असते तर एवढे बोलावेच लागले नसते.

दुचाकीवाला मिरज

नकाशाने कदाचित देवळाजवळूनच नेले असते आणि त्या बंद गेटपाशी पुन्हा फोन करावा लागला असता. गेट कधी उघडे असते आणि कधी बंद, हे नकाशाला माहीत नसते.

माझ्याकडून दोन गोष्टी. "दोन मिनिटांवर" हे उत्तर मी कधीच स्वीकारत नाही, कारण ती दोन मिनिटे पायी आहेत की गाडीवर, हे सांगणाऱ्याच्याही मनात नसते. त्याऐवजी घरे मोजून घेतो, "वळल्यावर कितवे घर, कोणत्या हाताला?" दुसरी गोष्ट, सांगितलेली खूण आज जागेवर आहे का, हे विचारतो. जुने थिएटर पडून तिथे दुकाने झाली, वड रस्तारुंदीत गेला, तरी लोकांच्या बोलण्यात ते तसेच उभे असतात. गावातल्या माणसाला त्याचे काही वाटत नाही, पण मी त्या शहरात चार वर्षांपूर्वी आलो आहे, मला तो वड कधीच दिसलेला नाही.

आणि सगळे झाल्यावर ऐकलेली वाट एकदा आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवतो. "डेअरीपाशी आत, डावीकडे तिसरे घर, दारात नारळ, बरोबर?" दहा सेकंद जातात, पण चूक असली तर ती तिथेच सापडते.

नागपूरकर

आमच्याकडे नेमकी उलट अडचण आहे. पत्त्यात भूखंड क्रमांक असतो, ले-आउट असतो, सगळे व्यवस्थित लिहिलेले असते. मात्र एकाच भागात निरनिराळ्या गृहनिर्माण संस्थांनी ले-आउट पाडल्यामुळे ४२ क्रमांकाचा भूखंड प्रत्येकात एक असतो आणि संस्थेचे नाव लेबलवर नसते. शेवटी आम्हीही "हनुमान मंदिर कोणत्या बाजूला?" असेच विचारतो. त्यामुळे खुणांच्या पत्त्याला सरसकट नावे ठेवू नयेत. क्रमांक कोणत्या यादीतला आहे हे माहीत नसेल, तर तोही तितकाच अपुरा असतो.

कृष्णाकाठ

सर्वांच्या उत्तरांवरून मुलांसाठी फोनवरचा क्रम मी असा ठरवला आहे. आधी आपली ओळख द्यायची आणि पार्सल कोण घेणार ते विचारायचे. मग त्याच व्यक्तीशी बोलून गाव किंवा वसाहत पक्की करायची. देवळाचे लोकांत चालणारे नाव विचारायचे, शेवटचे वळण आणि तिथून कितवे घर हे विचारायचे, आणि ऐकलेले परत म्हणून दाखवायचे. देवाकडे तोंड करून उभे राहण्याचा प्रश्न मात्र मी राखीव ठेवला आहे. वळणाची खूण मिळाली तर त्याची गरज पडत नाही आणि मुलांना तो विचारायला संकोच वाटतो.

एका गोष्टीवर माझे मन ठरत नाही. अशा रीतीने एकदा सापडलेली वाट वहीत लिहून ठेवली, तर पुढच्या वेळी फोनच करावा लागणार नाही आणि मुलगा बदलला तरी नव्याला ती वही देता येईल. हे करावे का?

जुना टपालवाला

अवश्य करावे. बीट बदलताना नव्या पोस्टमनला जुना पोस्टमन बरोबर फिरवून दारे दाखवत असे, ती सोय तुमच्याकडे नाही. वहीत नाव लिहिण्याची गरज नाही. वसाहत, वळणाची खूण, कितवे घर आणि गेट कोणत्या बाजूने बंद असते एवढे पुरे.

सुमेधा

नाव नसले तरी "डेअरीपाशी आत, डावीकडे तिसरे घर, आजी एकट्या असतात" अशी नोंद कोणीतरी करणारच, आणि मुलगा नोकरी सोडून गेला की ती वही कोणाच्या हाती पडेल हे कोण सांगणार? माझा पत्ता मी एका पार्सलसाठी दिला आहे, कायमचा जपून ठेवण्यासाठी दिलेला नाही. वही ठेवायचीच असेल तर ती शाखेत राहावी, मुलांच्या खिशात नसावी आणि तिच्यात माणसांविषयी एक शब्दही नसावा.

दुचाकीवाला मिरज

शाखेत ठेवलेली वही दुपारी दोन वाजता, अर्ध्या रस्त्यात मला काय उपयोगाची? मी माझ्यापुरते वाटेचे फोटो काढून ठेवतो, फक्त वळणाचे, घराचे नाही.

सुमेधा

फक्त वळणाचा फोटो असेल तर माझी हरकत नाही. मात्र आपण घराचा काढत नाही, तो दुसरा कोणी काढतच नसेल असे मी म्हणू शकत नाही.

कृष्णाकाठ

तूर्त वही शाखेतच ठेवतो आणि सकाळी पार्सले वाटताना त्या दिवसापुरती वाट प्रत्येक पार्सलच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून देतो. हे किती दिवस निभते ते पाहू. भाद्रपदात गणपती घाटाकडचे रस्ते मिरवणुकीसाठी बंद झाले की वळणांच्या निम्म्या खुणा निरुपयोगी होतील. त्या दिवसांत काय विचारायचे याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे.